तुळतुळीत डोक्यावर चेहरा बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोस्टर, फोटोशूट, शॉर्टफिल्म अशा कामांत हे प्रश्न परत परत येतात म्हणून सगळे एकत्र टाकतोय. उदाहरण सगळीकडे एकच धरलंय म्हणजे आकडे जुळवता येतील. नाटकाचं पोस्टर आहे, नट पन्नाशीतला, डोक्यावर झुपकेदार केस, आणि भूमिका चमनगोटा केलेल्या माणसाची. खरंच गोटा करता येत नाही कारण त्याच वेळी त्याच्या दुसऱ्या नाटकाचे प्रयोग चालू आहेत. म्हणून बॅकस्टेजचा एक पोरगा, ज्याचं डोकं आधीच भादरलेलं आहे, तो डबल. डबलचं डोकं, नटाचा चेहरा. काम फोटोशॉपमध्ये, पण लॉजिक कुठल्याही सॉफ्टवेअरला तेच.

केस असलेल्या फोटोत फेस स्वॅप दहा मिनिटांत जमतो, मग टकलावर का फसतो?

कारण केस म्हणजे फुकटचा जोड लपवणारा पडदा. एरवी चेहरा कापला की वरची कड केसांच्या रेषेत जाते, तिथे रंग, टेक्श्चर, उजेड सगळंच बदलतं त्यामुळे डोळ्याला तिथे बदल अपेक्षितच असतो. गोट्यावर तसं काहीच नाही, भुवईपासून टाळूपर्यंत एकच सलग कातडी, हळूहळू वळत जाणारी, आणि त्यावर उजेडही हळूहळू बदलत जाणारा. या सलग उतारावर कुठेही पायरी आली की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण "काहीतरी चुकतंय" एवढं लगेच कळतं. शिवाय केसांमुळे कवटीचा आकार कधी दिसतच नव्हता, तो आता पूर्ण उघडा पडतो.

त्यामुळे कामाचा क्रम उलटा करायचा. एरवी आपण चेहरा बसवतो आणि मग कडा सांधत बसतो. इथे आधी डोकं नक्की करायचं, त्याचा आकार, त्यावरचा उजेड, आणि चेहरा त्या डोक्याच्या उजेडात आणायचा. आणि नटाचा चेहरा लागेल तेवढाच घ्यायचा, एक इंचही जास्त नाही.

डबलचा फोटो काढताना काय सांभाळायचं?

फोटो आपल्याच हातात असेल तर निम्मं काम इथेच होतं. सगळ्यात महत्त्वाचं अंतर. नटाचा आणि डबलचा दोघांचा फोटो सारख्याच अंतरावरून हवा, पोर्ट्रेटला दोन मीटरच्या आसपास, लेन्स ८५ मिमी किंवा जवळपासची. हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेल्या फोटोत नाक पुढे येतं, कान मागे लपतात आणि कपाळ मागे पळतं, तो चेहरा दोन मीटरवरून काढलेल्या कवटीवर कितीही वॉर्प करा बसत नाही. हे झूमने सुटत नाही, अंतरानेच सुटतं. कॅमेऱ्याची उंचीसुद्धा सारखी ठेवा, कारण कॅमेरा जरा वर गेला की टाळू जास्त दिसते आणि हनुवटी आखूड होते.

उजेड एकाच जागी, एकाच उंचीवर. आणि डबलचा फोटो काढून झाला की त्याच खुर्चीवर त्याच्या डोक्याच्या उंचीला स्टीलची एक गोल वाटी पालथी धरून एक फ्रेम काढून ठेवा. व्हीएफएक्सवाले क्रोम बॉल घेऊन फिरतात तो याचसाठी. कुठला लाइट कुठे होता, किती मोठा होता, मागून खिडकीचा उजेड येत होता का, सगळं त्या वाटीत दिसतं आणि पुढे चकाकी बनवताना अंदाजपंचे करावं लागत नाही.

डबलच्या डोक्याला पावडर लावायची का असंही विचारतात. थोडी लावा, पूर्ण मॅट करू नका. अजिबात चकाकी नसलेलं डोकं मिळालं तर ती पूर्ण हाताने बनवावी लागते आणि ते जास्त कष्टाचं आहे.

चेहरा किती मोठा ठेवायचा? मी ठेवतो तो नेहमी मोठा वाटतो.

हा सगळ्यांचाच प्रॉब्लेम. गोट्यावर कपाळ संपतच नाही असं वाटतं, मग ती मोकळी जागा भरायला माणूस नकळत चेहरा मोठा करत जातो, आणि डोकं लहान मुलाच्या चित्रातल्यासारखं होतं, चेहराच चेहरा आणि वर टीचभर कवटी.

डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका, मोजा. मोठ्या माणसाचं डोकं समोरून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला असताना, डोळ्यांची रेषा हनुवटी आणि टाळू यांच्या जवळजवळ बरोबर मध्ये येते. पोस्टरच्या फाइलमध्ये डबलचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत १४०० पिक्सेल आहे असं धरा, म्हणजे डोळे हनुवटीच्या वर ७०० च्या आसपास हवेत. हे झालं उभं माप. आडव्यासाठी, एवढं डोकं प्रत्यक्षात साधारण २३ सेंमी असतं, म्हणजे एका सेंटिमीटरला ६० च्या जरा वर पिक्सेल, आणि दोन बुबुळांमधलं अंतर मोठ्या माणसात सरासरी ६.३ सेंमी, म्हणजे ३८० पिक्सेलच्या आसपास. नटाचा चेहरा त्या मापात आणा आणि मग पाच-दहा पिक्सेल इकडे-तिकडे नजरेने करा. ४३० वगैरे झालं असेल तर चेहरा फुगलाय, कितीही छान ब्लेंड करा, फुगलेलाच दिसणार.

जोड कुठे द्यायचा? कपाळ कोणाचं घ्यायचं, नटाचं की डबलचं?

हा खरा प्रश्न आहे, बाकीचे सगळे याच्या मागून येतात. बहुतेक लोक नटाचं पूर्ण कपाळ घेतात आणि जिथे त्याचे केस सुरू होत होते तिथे जोड देतात, सवयीने. तीच सगळ्यात वाईट जागा, कारण तिथेच कवटी वळते, उजेडाचा उतार सगळ्यात जोरात बदलतो, आणि नटाच्या केसांची सावली कपाळाच्या वरच्या पट्टीत उतरलेली असते. केस क्रॉप झाले तरी ती सावली तशीच राहते आणि डोक्यावर अदृश्य टोपी घातल्यासारखी पट्टी दिसते.

माझं मत, नटाच्या भुवया आणि त्यांच्या वरच्या एक-दोन आठ्या घ्या, तिथून वर सगळं डबलचं. माणूस ओळखू येतो तो डोळे, भुवया, नाक, तोंड यावरून, कपाळाच्या वरच्या भागावरून फार नाही. आठी ही आडवी रेघच असते, जोड तिच्यात लपतो. डबल तरुण असेल आणि त्याचं कपाळ गुळगुळीत असेल तर नटाच्या वरच्या आठ्या वेगळ्या उचलून डबलच्या कपाळावर बसवा, फक्त आठ्यांचं टेक्श्चर, रंग नाही. कानशिलाकडे जोड भुवईच्या टोकापासून खाली गालाच्या हाडावरून कानाच्या पुढच्या कडेला उतरवा. कानशिलाचा खोलगट भाग डबलचाच राहू द्या, तो कवटीचा भाग आहे, चेहऱ्याचा नाही.

पण जोड दिसतोच. फेदर वाढवला की धूसर पट्टा येतो, कमी केला की रेघ येते.

कारण एकाच मास्कने दोन कामं करायला बघताय. रंग-उजेडाचा बदल लांब अंतरात विरघळायला हवा, आणि कातडीची छिद्रं, बारीक सुरकुत्या मात्र थोड्या अंतरातच बदलल्या पाहिजेत, नाहीतर दोन टेक्श्चर अर्धे-अर्धे एकमेकांवर पडून साबण लावल्यासारखी गुळगुळीत पट्टी तयार होते. पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेलसन यांनी १९८३ सालीच हे मांडलं होतं, चित्राचे जाड-बारीक थर वेगळे करा आणि प्रत्येक थर आपापल्या रुंदीत जोडा. आपण त्याची स्वस्तातली आवृत्ती करतो, दोनच थरांची.

नटाच्या लेयरच्या दोन कॉपी करा, खालचीला Low नाव द्या आणि Gaussian Blur द्या, आपल्या १४०० पिक्सेलच्या डोक्याला १० ते १२ रेडियस पुरे, छिद्रं गेली पाहिजेत पण नाकाचा आकार राहिला पाहिजे. वरची High, ती सिलेक्ट करून, ८ बिट फाइल असेल तर:

```
Image > Apply Image
Layer: Low
Blending: Subtract
Scale: 2
Offset: 128
```

मग High चा ब्लेंड मोड Linear Light. फाइल १६ बिट असेल तर Subtract ऐवजी Add, Invert वर टिक, Scale 2 आणि Offset 0. हेच डबलच्या लेयरवर. आता थर लावायचा क्रम बघा, खाली दोघांचे Low, वर दोघांचे High, नाहीतर गडबड होते. नटाच्या Low ला मोठा मऊ मास्क, १५०-२०० पिक्सेलचा उतार, आणि High च्या मास्कला जेमतेम १५-२० पिक्सेल, तोही आठीच्या वळणाने, सरळ रेषेत नाही. दोघांच्या High मास्क एकमेकांच्या उलट ठेवा, म्हणजे एका जागी एकाचंच टेक्श्चर राहील. Low आणि High मास्कच्या कडा एकाच जागी नकोत हेही बघा. एवढं केलं की ऐंशी टक्के जोड गायब होतो, उरलेला क्लोन स्टॅम्पने.

रंग जुळवला, जोडही गेला, तरी चेहरा मुखवट्यासारखा का दिसतोय?

दोन शक्यता. पहिली, उजेडाची दिशा जुळत नाही, त्याला इलाज नाही, दुसरा फोटो शोधा. दुसरी जास्त कॉमन, तुम्ही रंग *जास्तच* जुळवलाय. नुकतंच भादरलेलं डोकं चेहऱ्याच्या रंगाचं नसतंच. वर्षानुवर्षं केसांखाली असलेली कातडी उन्हाने रापलेली नसते, आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ रंगात तर हा फरक ठळक दिसतो, कपाळ तांबूस रापलेलं आणि टाळू फिकट. मुंजीचे किंवा जावळाचे जुने फोटो काढून बघा, लहान पोरांतही दिसतं. त्यामुळे कथेतल्या माणसाने कालच गोटा केला असेल तर हा फरक ठेवा, जुन्या केसांच्या रेषेपाशी तो हळूच बदलू द्या. आणि माणूस पंधरा वर्षं टकलाच असेल तर उलट, टाळू चेहऱ्याइतकीच किंवा जास्त रापलेली, त्यावर वांगासारखे डाग.

तपासायला सगळ्यात वर एक Black & White ॲडजस्टमेंट लेयर टाका, चालू-बंद करा. रंग काढल्यावरही मुखवटा दिसला तर घोळ उजेडाचा, नाही दिसला तर घोळ रंगाचा. हे न करता अर्धा तास Hue चे स्लायडर हलवत बसणारे खूप बघितलेत.

डबलची कवटी नटाच्या चेहऱ्याला शोभत नाहीये. किती बदलता येते?

थोडी. आधी नटाची कवटी खरी कशी असेल ते शोधा, अंदाज करू नका. त्याचा केस ओले किंवा चापून मागे बसवलेला फोटो मागवा, एक समोरून, एक बाजूने. झुपकेदार केस वर सहज दोन-तीन सेंटिमीटर उंची वाढवतात, म्हणजे आपल्या फाइलमध्ये १२०-१८० पिक्सेल, त्यामुळे "याचं डोकं उंच आहे" ही आपली आठवण बहुतेक वेळा केसांची असते.

समोरून बघताना कवटी सगळ्यात रुंद असते ती कानांच्या वर आणि जरा मागे. मोठ्या पुरुषात तिथली रुंदी साधारण १५ सेंमी, आणि गालाच्या हाडांपाशी चेहरा १३-१४. म्हणजे चेहरा वर जाताना कानशिलापाशी आत जातो आणि मग कवटी परत बाहेर येते. हे आत-बाहेर जाणं विसरलं की अंडं होतं. Liquify मध्ये लोक टाळू ओढत बसतात, मी म्हणतो टाळूला हातच लावू नका, आधी कानशिलाच्या वरचा भाग १०-१५ पिक्सेल आतबाहेर करून बघा, सगळं डोकं बदलतं. कपाळावर दोन बाजूंना हलके उंचवटे असतात, काहींना एकच मधला, तेही नटाच्या फोटोत कपाळावरच्या उजेडावरून कळतात.

टाळू पूर्ण गोल कधीच नसते, मध्ये जरा चपटी, एक बाजू किंचित उंच, मागे खाच. ही असमानता गुळगुळीत करू नका, तीच खरेपणा देते. आणि पाच टक्क्यांहून जास्त बदल लागत असेल तर दुसरा डबल शोधा, कारण आकार ओढला की त्यावरची चकाकीही ओढली जाते आणि मग पुढचा प्रश्न येतो.

डोक्यावरची चकाकी कशी बनवायची? माझी प्लास्टिकची दिसते.

आधी ती येते कुठून ते समजून घ्या, मग सोपं आहे. टाळूत तेलाच्या ग्रंथी भरपूर असतात, कातडीवर तेलाचा पातळ थर असतो आणि तो लाइटचं धूसर प्रतिबिंब दाखवतो. म्हणजे चकाकी हा कातडीचा रंग नाही, ते लाइटचं चित्र आहे. ते पडतं कुठे, तर जिथे कातडी कॅमेरा आणि लाइट यांच्या बरोबर मधल्या दिशेला तोंड करून आहे तिथे. आपला लाइट कॅमेऱ्याच्या डावीकडे वर आहे, तर चकाकी लाइटच्या अगदी बाजूला नाही, कपाळाच्या डाव्या उंचवट्याच्या वर, कॅमेऱ्याकडे थोडी सरकलेली. पालथ्या वाटीच्या फ्रेममध्ये बरोबर हेच दिसेल.

यातून एक नियम निघतो. कवटी Liquify केली तर चकाकी ताणायची नाही, काढून टाकायची आणि नव्या आकारावर परत बसवायची. जिथे वळण जोरात तिथे ती लहान आणि अरुंद, जिथे कवटी चपटी तिथे पसरट.

बनवायचे तीन थर. पहिला थर म्हणजे चकाकी नाहीच, फक्त गोलाई, ५०% राखाडी लेयर Soft Light वर आणि मऊ ब्रशने उजेड-अंधार, अगदी हळू. दुसरा, पसरट तुकतुकी, Screen मोडवर, रंग लाइटचा, कातडीचा नाही, ओपॅसिटी १५-२०%. इथे चूक होते ती अशी की लोक कातडीचा रंग उचलून तोच उजळ करतात आणि मग डोकं केशरी दिवा लागल्यासारखं दिसतं, खऱ्या चकाकीत कातडीचा रंग फिका पडतो. तिसरा थर, मधला तेज ठिपका. तो सगळ्यात लहान आणि सगळ्यात *तुटका*. मऊ गोल ब्रशचा अखंड पांढरा ठिपका म्हणजेच प्लास्टिक. त्याच्या मास्कमध्ये डबलच्या डोक्याचा High लेयर कॉपी करून टाका आणि कॉन्ट्रास्ट वाढवा, म्हणजे छिद्रांच्या जागी चकाकी तुटेल.

किती तेज? नटाच्या नाकाच्या शेंड्याकडे बघा, त्याच लाइटचा ठिपका तिथेही आहे. नाकावर २३५ येत असेल तर डोक्यावर २४० च्या आसपास ठेवा. २५५ कुठेच नको.

आणि एक टेस्ट, माझी सगळ्यात आवडती. नटाच्या डोळ्यांत बघा. बुबुळावर लाइटचा जो ठिपका असतो तो आणि डोक्यावरची चकाकी एकाच लाइटची दोन चित्रं आहेत. डोळ्यात दहाच्या काट्यावर चौकोनी सॉफ्टबॉक्स असेल आणि डोक्यावर उजवीकडे गोल ठिपका असेल तर खेळ संपला. डोळ्यात दोन ठिपके तर डोक्यावरही दोन हवेत. डोळ्यात रिंगलाइटचं कडं असेल तर कपाळाच्या मधोमध धूसर कडं येतं, ते घाणेरडं दिसतं म्हणून पुसू नका, मग डोळ्यातलंही बदलावं लागेल.

हेअरलाइनची सावली कशी द्यायची? निळी करतो तर रंगपंचमी वाटते.

निळी गोऱ्या माणसाच्या डोक्यावर दिसते, इंटरनेटवरचे सगळे ट्युटोरियल त्यांचेच आहेत. केसाचं मूळ कातडीच्या आत काळं असतं आणि वरच्या कातडीतून ते निळसर-राखाडी भासतं, पण आपल्या सावळ्या कातडीत तो निळेपणा मरतो आणि उरतो मळकट, किंचित हिरवट राखाडी. डबलच्या कानावरचा खुंटाचा भाग आणि जवळची बिनकेसांची कातडी असे दोन रंग उचलून शेजारी ठेवा, फरक मुख्यतः उजेडाचा आणि रंगाच्या तीव्रतेचा असेल, छटेचा थोडासाच. म्हणून काळ्या ब्रशने Multiply करू नका. एक Curves लेयर जरा खाली ओढलेला आणि एक Hue/Saturation जरा फिका केलेला, दोन्हींना एकच मास्क, एवढंच.

हा झाला टोन. त्यावर खुंट. आता परत माप. एका सेंटिमीटरला ६० पिक्सेल आहेत, केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी, म्हणजे आपल्या फाइलमध्ये एक केस जेमतेम अर्धा पिक्सेल. त्यामुळे खुंट एक-एक रंगवणं फुकट आहे. दिसतात ते केसांचे पुंजके, एका जागेतून एक ते चार केस निघतात, आणि या जागा साधारण मिलिमीटरभर अंतरावर, म्हणजे ६-७ पिक्सेल. तर २ पिक्सेलचे ठिपके, ६-७ च्या अंतराने, Scatter चालू, २०-३०% ओपॅसिटी. नुसता Add Noise टाकला तर वाळू पसरल्यासारखं होतं, कारण त्यात हे अंतर नसतं.

केस दिवसाला मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढे वाढतात. आज सकाळी भादरलं तर ठिपकेच. तीन दिवस झाले तर मिलिमीटरभर, म्हणजे ६ पिक्सेलच्या बारीक रेघा, आणि मग दिशा दाखवावी लागते, पुढे कपाळाकडे, बाजूंना खाली, आणि मागे टाळूवर भोवरा. समोरच्या फोटोत भोवरा दिसत नाही, वाचलात. तीन-चतुर्थांश मागून असेल तर तो हवाच, नाहीतर डोकं चुकीचं वाटतं.

आता खुद्द रेष. ती रेष नसतेच. पुढच्या कडेला केस बारीक, विरळ होत जातात आणि साधारण सेंटिमीटरभर पट्ट्यात संपतात, म्हणजे ६० पिक्सेलचा उतार, तोही वेडावाकडा, दोन बाजूंना वेगळा. कानशिलावर ती आत जाते, मग कानाच्या पुढे एक टोक खाली येतं आणि कल्ल्यांत उतरतं. हे कल्ले लोक हमखास विसरतात. डोक्यावर खुंट, गालावर दाढीची सावली आणि मध्ये कानापुढे दोन बोटं लख्ख कातडी, असं न्हावीसुद्धा करत नाही.

पन्नाशीतल्या नटाला विशीतल्या डबलची भरगच्च हेअरलाइन राहू देऊ नका. नटाच्या फोटोत त्याची रेष किती मागे गेलीय ते बघा आणि डबलची सावली तिथपर्यंत पुसा, उलट्या म्हणजे वर ओढलेल्या Curves ने. कल्ल्यांपाशी पांढरे केस असतील तर तिथली सावली जवळजवळ नसतेच, पांढरं मूळ कातडीतून दिसत नाही.

भादरलेलं डोकं आणि खरं टक्कल यात नेमका फरक काय दाखवायचा?

खुंट असलेला भाग चकाकी तोडतो, म्हणून तो मॅट. खऱ्या टकलात वरचा भाग गुळगुळीत, चकाकी घट्ट आणि स्पष्ट, आणि बाजूंना-मागे घोड्याच्या नालाच्या आकारात खुंटाची सावली, तिथे चकाकी मंद. दोन्हीकडे सारखीच चकाकी दिली की डोकं हेल्मेट होतं. सावलीचा मास्क तयार आहेच, तोच उलटा करून चकाकीच्या ग्रुपवर लावा, दोन मिनिटांचं काम.

कान कोणाचे?

डबलचे. कान कवटीला चिकटलेले आहेत, नटाचे आणायला गेलात की मागची सावली, मान, सगळंच आणावं लागतं. फक्त कानाची पाळी आणि वरचं टोक नटाच्या मापात आणा, वरचं टोक भुवईच्या आणि पाळी नाकाच्या बुडाच्या सरळ रेषेत यायला हवी. नटाचे कान खूपच ओळखीचे असतील, बाहेर आलेले वगैरे, तर Liquify.

मिशी ठेवायची की काढायची?

हा टेक्निकल प्रश्न नाही पण सांगतोच. आपल्याकडे डोक्यावर गोटा आणि मिशीही साफ, असं बघितलं की पहिला विचार येतो घरात कोणी गेलं का. भूमिकेत तेच असेल तर ठीक, नसेल तर मिशी ठेवा किंवा दाढीची थोडी सावली तरी. आणि याच कारणाने कोणाही ओळखीच्या माणसाचा चेहरा गंमत म्हणून गोट्यावर बसवून ग्रुपवर टाकू नका, अर्ध्या तासात त्याच्या घरी सांत्वनाचे फोन सुरू होतात. कामासाठी करत असाल तर नट आणि डबल दोघांची लेखी परवानगी घ्या. डबलची घ्यायला लोक विसरतात, डोकं त्याचंच आहे.

व्हिडिओत हेच करायचंय, काय वेगळं?

दोन गोष्टी. खुंट आणि डाग कातडीला चिकटलेले असतात, डोकं वळलं की त्यांच्याबरोबर वळतात. चकाकी चिकटलेली नसते, डोकं वळलं तरी ती लाइटच्या हिशोबाने जवळपास जागेवरच राहते आणि कातडी तिच्याखालून सरकते. दोन्ही एकाच ट्रॅकवर लावले की चकाकी रंगवलेली वाटते. म्हणून चकाकीचा थर वेगळा ट्रॅक करा, किंवा शक्य असेल तर डबलचीच ओरिजिनल राहू द्या.

दुसरं, DeepFaceLab सारखं चेहरा बदलणारं एआय सॉफ्टवेअर वापरत असाल आणि whole face घेतला असेल तर त्यात कपाळही येतं. नटाच्या सगळ्या फोटोंत कपाळावर केस असतील तर मॉडेल ते केसच शिकतं, आणि डबलच्या गोट्यावर कपाळाच्या वर मळकट भुताटकी सावली येते, जी फ्रेमागणिक थरथरते. XSeg या त्याच्या मास्क बनवायच्या टूलमध्ये नटाच्या फोटोंतले केस मास्कबाहेर ठेवा आणि डबलच्या बाजूला मास्कची वरची कड आठ्यांपर्यंतच ठेवा, म्हणजे आधी सांगितलेला जोड जिथे द्यायचा तिथेच.

डबलच नाहीये, नटाचेच केस काढून टक्कल करायचंय.

होतं, पण टाळू कुठून तरी आणावीच लागते, हवेतून रंगवलेली कधीच पटत नाही. मेकअपवाल्याला बाल्ड कॅप लावायला सांगून तोच फोटो काढा, कॅपची कड आणि घड्या नंतर पुसा. आकार थोडा मोठा येतो कारण खाली केस असतात, तो आत घ्या. कमी पैशात हाच सगळ्यात बरा मार्ग.

फ्लेक्सवर छापल्यावर चकाकी पांढरा डाग का होते?

स्क्रीनवर २४० आणि २५० मधला फरक दिसतो, फ्लेक्सवर दोन्हीकडे जवळपास शाईच पडत नाही, मग कोरा फ्लेक्स दिसतो, आणि तुटक टेक्श्चर सगळं जातं. छपाईच्या फाइलसाठी चकाकीचा ग्रुप डुप्लिकेट करा, तेज ठिपका २३० च्या आत आणा, पसरट तुकतुकी तशीच ठेवा. खुंटाचे २ पिक्सेलचे ठिपकेही मोठ्या फ्लेक्सवर टिकत नाहीत, तिथे टोनच काम करतो, म्हणून टोन जरा गडद. आणि छापायला देण्याआधी डोक्याचा तुकडा त्याच मशीनवर, खऱ्या मापात, फूटभर काढून लांबून बघा, छपाईवाले कटकट करतात पण काढून देतात.